परदेशातला पगार, शहाद्यातले विवरणपत्र

शहाद्याचा एक अभियंता समजा ऑक्टोबर २०२५ अखेर जर्मनीला गेला आणि तिथल्या कंपनीने त्याला मार्च २०२६ पर्यंतचा पगार कर कापून दिला. बायकामुले व घर शहाद्यातच आहे. त्याला दुहेरी करातून सूट मिळते. मात्र तिच्याबद्दल चार गैरसमज हमखास आढळतात.

गैरसमज : तिकडे कर कापला, इथे पगार दाखवायला नको.
वस्तुस्थिती : त्या आर्थिक वर्षात तो २१४ दिवस भारतात होता. १८२ दिवस भरले की तो इथला निवासी ठरतो. आधीची वर्षेही इथेच गेली असल्याने त्याचे जगभरातले उत्पन्न भारतात करपात्र आहे. जर्मनीशी असलेल्या करारामुळे उत्पन्न लपत नाही, फक्त तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो.

गैरसमज : तिकडचा सगळा कर वजा होतो.
वस्तुस्थिती : त्या उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो, तेवढीच वजावट मिळते. समजा, प्रमाणित वजावटीनंतर एकूण करपात्र उत्पन्न २० लाख, त्यातले १० लाख जर्मनीतले. नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी उपकरासह कर २,०८,००० रुपये होतो, म्हणजे जर्मनीतल्या निम्म्या उत्पन्नावर १,०४,०००. तिथे १,८०,००० कापले असले तरी वजावट १,०४,०००चीच. उरलेले ७६,००० इथून परत मिळत नाहीत. तिथे ८०,०००च कापले असते, तर इथे आणखी २४,००० भरावे लागले असते.

गैरसमज : पगारपत्रकावरची प्रत्येक कपात म्हणजे कर.
वस्तुस्थिती : जर्मनीत निवृत्तिवेतन, आरोग्य व बेरोजगारी विम्याचे हप्तेही पगारातून कापले जातात. ते आयकर नव्हेत, म्हणून त्यांची वजावट मागता येत नाही. रुपयांत रूपांतर करतानाही मनाचा दर चालत नाही. कर ज्या महिन्यात कापला, त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टेलिग्राफिक ट्रान्सफर खरेदी दर धरावा लागतो. डिसेंबरच्या कपातीला ३० नोव्हेंबरचा.

गैरसमज : विवरणपत्रात आकडा भरला की काम झाले.
वस्तुस्थिती : आयकर पोर्टलवर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो. त्याला कर कापल्याचे कंपनीचे किंवा तिथल्या करखात्याचे प्रमाणपत्र जोडायचे. विवरणपत्र मुदतीत, किंवा विलंबित म्हणून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरले असेल, तर हा फॉर्म ३१ मार्च २०२७ पर्यंत देता येतो. तरी तो विवरणपत्राआधीच भरावा, कारण फॉर्म नसेल तर छाननीत वजावट शून्य धरून मागणीची नोटीस येऊ शकते. विवरणपत्रही आयटीआर-१ चालत नाही. आयटीआर-२ मध्ये परदेशी उत्पन्न, तिथला कर आणि तिथले बँक खाते यांची स्वतंत्र परिशिष्टे आहेत. फॉर्म ६७ आणि ही परिशिष्टे यांतले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाठवण्याआधी तपासून घ्यावे.