बारा मुलांचं काय करायचं?

1963 साली ‘ब्लड’ या वैद्यकीय नियतकालिकात एमिल फ्रायराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल छापले. रक्ताचा कर्करोग झालेली 42 मुलं. स्टिरॉइड देऊन त्यांचा आजार आटोक्यात आणलेला, पण त्या काळी तो बहुधा पुन्हा उलटायचाच. प्रश्न एवढाच होता की उलटायला किती दिवस लागतात आणि औषधानं ते लांबवता येतात का. मुलांच्या 21 जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एकाला 6-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध आणि दुसऱ्याला औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. कोणाला काय, हे नशिबावर सोडलेलं.

बिनऔषधाच्या गटाचा हिशेब सरळ निघाला. एकवीसही मुलांचा आजार उलटला. कुणाचा पहिल्याच आठवड्यात, कुणाचा आठव्यात, सर्वांत उशिरा तेविसाव्यात. सरासरी पावणेनऊ आठवड्यांच्या आतच.

औषधाच्या गटात मात्र घोळ झाला. हिशेब मांडला तेव्हा नऊच मुलांचा आजार उलटलेला होता. उरलेल्या बारा जणांचं काय? त्यातलं एक सहा आठवड्यांपर्यंत ठीक होतं, एक 20 आठवड्यांपर्यंत, एक 35 आठवड्यांपर्यंत. पुढची माहिती हाती नव्हती. अशा चाचणीत सगळे रुग्ण एकाच दिवशी दाखल होत नाहीत. जो उशिरा आला, त्याच्यावर लक्ष ठेवायला कमी आठवडे मिळतात. एखादा मध्येच फॉलोअपला यायचा थांबतो. आजार कधी उलटला हे ठाऊक नाही, पण अमुक आठवड्यापर्यंत उलटला नव्हता हे पक्कं ठाऊक आहे, अशा अर्धवट नोंदीला संख्याशास्त्रात ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात.

इथं दोन चुका अगदी सहज होतात. पहिली, अर्धवट नोंदी बाजूला काढायच्या आणि नऊ मुलांचीच सरासरी घ्यायची. ती येते 12 आठवडे. पण बाजूला काढली ती नेमकी बरीचशी दीर्घकाळ चांगली राहिलेली मुलं. औषधाला ज्या मुलांत जास्त यश आलं, त्यांनाच हिशेबातून हाकलल्यासारखं झालं. दुसरी चूक, शेवटच्या नोंदीलाच आजार उलटला असं धरायचं. तशी सरासरी 17 आठवडे येते. तीही कमीच, कारण 35 आठवडे ठीक असलेलं मूल छत्तिसाव्या आठवड्यातही ठीक असू शकतं.

यातून वाट काढली ती एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी. मायर वैद्यकीय संख्याशास्त्रातले. कॅप्लन बेल लॅब्जमध्ये, टेलिफोन केबलच्या यंत्रणेतल्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात या विवंचनेत. दोघांनी स्वतंत्रपणे जवळजवळ एकच गोष्ट लिहून एकाच नियतकालिकाकडे पाठवली. दोन्ही लेख एकत्र करा, असं त्यांना सांगण्यात आलं आणि 1958 साली तो जोडलेख प्रसिद्ध झाला. ट्यूब जळणं आणि आजार उलटणं यांचं गणित एकच असतं, हे पचायला जड वाटतं, पण खरं आहे. ‘सर्व्हायव्हल अॅनालिसिस’ असं नाव असलं तरी मोजायची घटना मृत्यूच असायला हवी असं नाही.

त्यांची युक्ती अशी. एकदम शेवटाकडे पाहायचं नाही. घटना घडते त्या प्रत्येक वेळी फक्त एक विचारायचं: या क्षणापर्यंत नजरेखाली असलेल्यांपैकी किती जण यातून पार पडले?

औषधाच्या गटात पहिली घटना सहाव्या आठवड्यात. तेव्हा एकवीसही मुलं नजरेखाली होती, तिघांचा आजार उलटला, 18 पार पडली. 21 पैकी 18, म्हणजे 85.7 टक्के. त्याच आठवड्यात एका मुलाची नोंद अर्धवट थांबली. ते मूल सहाव्या आठवड्याच्या भाजकात धरायचं, पुढच्यात नाही. म्हणून सातव्या आठवड्यात नजरेखाली 17 आणि आजार उलटला एकाचा. 17 पैकी 16 पार पडली. हे प्रमाण आधीच्या 85.7 ला गुणायचं की येतात 80.7 टक्के. नवव्या आठवड्यात आणखी एक नोंद थांबली. त्यानं टक्केवारी बदलत नाही, पण दहाव्या आठवड्यासाठी भाजक 15 उरतो. अर्धवट नोंद अशी तिला माहीत असलेल्या काळापुरती साक्ष देते आणि मग बाजूला होते.

हेच आकडे कागदावर काढले की पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी रेघ मिळते. आडव्या अक्षावर आठवडे, उभ्या अक्षावर अजून आजार न उलटलेल्यांचं प्रमाण. जिथं घटना, तिथं पायरी खाली. रेघेवर अधूनमधून दिसणाऱ्या बारीक उभ्या खुणा म्हणजे थांबलेल्या नोंदी. दहाव्या आठवड्यावरून सरळ वर पाहिलं तर औषधाची रेघ 75 टक्क्यांवर आहे आणि बिनऔषधाची 38 वर. आडवंही वाचता येतं. 50 टक्क्यांच्या पातळीवरून उजवीकडे गेलं की बिनऔषधाची रेघ आठव्या आठवड्यात ती पातळी ओलांडून खाली जाते, औषधाची तेविसाव्यात. हा झाला मध्यक. आरोग्याच्या बातम्यांत ‘आयुष्य इतके महिने वाढलं’ असं जे छापून येतं, ते अनेकदा अशा दोन मध्यकांमधलं अंतर असतं. प्रत्येक रुग्णाला तेवढे महिने मिळाले असा त्याचा अर्थ नव्हे.

फसगत होते ती रेघेच्या शेपटाशी. तेविसाव्या आठवड्यानंतर औषधाची रेघ 45 टक्क्यांच्या आसपास सपाट होते आणि पस्तिसाव्यापर्यंत तशीच चालते. पाहणाऱ्याला वाटतं, म्हणजे 45 टक्के मुलं बरी झाली! पण त्या सपाट भागात नजरेखाली उरली होती पाच मुलं, आणि पस्तिसाव्या आठवड्याशी फक्त एक. त्या एका मुलाचा आजार तिथं उलटला असता तर रेघ थेट शून्यावर आपटली असती. म्हणून चांगल्या शोधनिबंधात आलेखाखाली दर टप्प्याला किती जण नजरेखाली होते याची ओळ छापलेली असते. रेघेआधी ती ओळ वाचावी. ती नसेल तर शेपटाकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

या सगळ्या पद्धतीचा भार एका गृहीतावर आहे. ज्यांची नोंद थांबली, त्यांचं पुढं नजरेखाली राहिलेल्यांसारखंच झालं असेल. चाचणी संपल्यामुळे नोंद थांबली असेल तर हे पटण्यासारखं आहे. पण तब्येत ढासळल्यामुळे रुग्ण गावी परतला आणि पुन्हा आलाच नाही, तर रेघ वास्तवापेक्षा वर तरंगत राहते, आणि हे नुसत्या आलेखावरून ओळखता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालते. अशा ठिकाणी रुग्ण दवाखान्यात येईल म्हणून वाट पाहत बसलं तर रजिस्टरातली बरीच नावं अर्धवटच राहतील. तिथं गावात जाऊन चौकशी करण्यावाचून इलाज नसतो.

चौकशी शक्य नसेल, तर शंकेखोर वाचकाला एक पडताळणी करता येते. सगळ्यांत वाईट ते धरून चालायचं. त्या बाराही मुलांचा आजार नोंद थांबली त्याच आठवड्यात उलटला, असं मानायचं. मग औषधाच्या गटाचा मध्यक 23 आठवड्यांवरून 16 वर येतो. बिनऔषधाच्या गटाचा आठच होता.