वहीतला केशरी रंग

निळ्या पुठ्ठ्याची ही वही २०१३ सालची. कॅज्युअल्टीत नुकतीच बदली झाली होती आणि आणीबाणीच्या शुश्रूषेचा कोर्स करत होते. पहिल्या पानावर रंगीत पेन्सिलींनी चौकोन भरलेत: लाल म्हणजे ताबडतोब, केशरी म्हणजे दहा मिनिटांच्या आत, पिवळा एका तासात, हिरवा चार तासांत. निळा मृतांसाठी. ही केपटाऊनची ट्रायाज पद्धत. २००४ मध्ये तिथल्या डॉक्टर-नर्सनी ती बांधायला घेतली, ती हाताशी डॉक्टर कमी आणि दारात गर्दी फार, हे गृहीत धरूनच. म्हणून रंग ठरवायचं काम तिथे नर्सकडे असतं. आमच्या अभ्यासक्रमात परदेशी तक्ते बरेच होते. मला हाच आपल्या कॅज्युअल्टीच्या जवळचा वाटला.

सुरुवातीची पानं आता वाचताना हसू येतं. मी सगळं गुणांवर सोडलं होतं. रुग्ण चालत आला की आधाराने की स्ट्रेचरवर, श्वास, नाडी, वरचा रक्तदाब, ताप, शुद्ध आणि मार लागलाय का, या सातांना गुण द्यायचे. बेरीज सात किंवा जास्त आली तर लाल, पाच-सहा केशरी, तीन-चार पिवळा, त्याखाली हिरवा. बेरीज केली की काम झालं, असं माझं मत.

त्या मताला पहिला तडा वर्गातल्या एका उदाहरणाने गेला. बावन्न वर्षांचा माणूस छातीत दुखतंय म्हणून स्वतः चालत येतो. श्वास १६, त्याचा एक गुण. नाडी ८४, रक्तदाब १५०, ताप नाही, नीट बोलतो. बेरीज एक. मी बिनधास्त हिरवा लिहिला, म्हणजे त्याला चार तास बाकावर बसवला. बाईंनी वही परत दिली, समासात एकच शब्द होता: ‘तक्रार?’ या पद्धतीत छातीतलं दुखणं हे स्वतःच केशरी लक्षण आहे, आकडे कितीही शहाण्यासारखे वागोत. आधी जीव जाण्याची चिन्हं बघायची, मग तक्रारींची यादी, मग गुण. आणि यातला जो वरचा रंग निघेल तो द्यायचा. शिवाय अशा माणसाचा ईसीजी रांगेत असतानाच काढायचा.

मधली पानं मात्र श्वासाची आहेत, आणि ती अजून जुनी झालेली नाहीत. कुठल्याही वॉर्डातले केस पेपर चाळा: श्वास १८, १८, २०, १८. इतकी माणसं एका तालात श्वास घेत नसतात. मोजलेलं नसतं, अंदाजाने लिहिलेलं असतं. त्याने काय होतं हे शिकवण्यासाठी पुढे मीच एक उदाहरण रचलं.

चोवीस वर्षांची बाई, ओटीपोटात दुखतंय, नवऱ्याच्या आधाराने आत आली. आधाराचा एक गुण. नाडी ११४, दोन गुण. रक्तदाब १०४, ताप नाही, शुद्धीत; तिन्ही शून्य. श्वास खरा २२, त्याचे दोन. बेरीज पाच, केशरी. आता श्वास ‘१८’ लिहा. एकच गुण मिळतो, बेरीज चार, आणि दहा मिनिटांचा एक तास होतो. गर्भनलिकेतला गर्भ फुटून पोटात रक्त साचत असेल, तर तरुण शरीर रक्तदाब बराच वेळ धरून ठेवतं. नाडी आणि श्वास आधी बोलतात. पाळी कधी आली होती हा प्रश्न इथे तितकाच महत्त्वाचा, कारण गरोदरपण आणि पोटदुखी ही जोडीही केशरीच्या यादीत आहे. पण नवरा शेजारी उभा असताना तिच्याकडून खरं उत्तर येईलच असं नाही. त्याला केस पेपर काढायला पाठवावं.

अर्ध्या मिनिटाचे श्वास मोजून दुप्पट करायची माझी सवयही याच उदाहरणाने सुटली. दहा मोजले तर वीस होतात, गुण एक. अकरा मोजले तर बावीस, गुण दोन. एका श्वासाच्या चुकीने रंग बदलतो. तेव्हापासून पूर्ण मिनिट मोजते, आणि मनगट हातात ठेवूनच. आपण नाडी बघतोय असं रुग्णाला वाटलं पाहिजे. श्वास मोजतोय म्हटलं की माणूस तो सावरून घेतो.

मुलांचं पान वेगळं आहे, कारण त्यांचे तक्तेच वेगळे: तीन वर्षांखालच्यांचा एक, तीन ते बाराचा दुसरा. तान्ह्या बाळाचे श्वास मोठ्यांच्या तक्त्यात बसवले तर धडधाकट बाळही आजारी ठरतं.

शेवटच्या पानांवर रंग कमी आणि घड्याळाच्या वेळा जास्त आहेत. एका रात्री दहा वाजता मी एकाला पिवळा दिला होता. डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले, आणि सव्वा अकराला त्याच्या मुलाने येऊन सांगितलं, ‘सिस्टर, बाबा नीट बोलत नाहीत.’ परत मोजलं तर बेरीज सात. दहाचा रंग मी सव्वा अकरापर्यंत खरा धरून बसले होते. त्या नोंदीपासून माझ्या प्रत्येक रंगाशेजारी दोन वेळा असतात: रंग दिल्याची, आणि पुन्हा मोजायची. दुसरी वेळ मी हातावर पेनने लिहून ठेवते.