दोन मिनिटांचं स्वागत, व्हिएतनामी पद्धतीचं

व्हिएतनाममधल्या कपड्यांच्या कारखान्यात परदेशी खरेदीदार येणार असले की फाटकावर एक फलक हमखास लागतो. पूर्वी तो लाल कापडावर पिवळ्या अक्षरांत असे, आता पुष्कळ ठिकाणी दिव्यांच्या पाटीवर अक्षरं सरकतात. शब्द मात्र तेच: ‘न्यिएत लिएत चाव मुंग’, म्हणजे हार्दिक स्वागत. मग पाहुण्यांना सभागृहात बसवतात, पुढ्यात चहा येतो, आणि कारखान्याचा संचालक उठून व्हिएतनामी भाषेत दोन-तीन मिनिटं बोलतो. समोरच्या जपानी, कोरियन किंवा अमेरिकन पाहुण्यांना त्यातलं अक्षरही कळत नाही, तरी तो आपल्याच भाषेत बोलतो. शेजारी दुभाषी असतो. शिवाय खोलीत कारखान्याचे विभागप्रमुखही बसलेले असतात. साहेब पाहुण्यांपुढे आपल्या वतीने काय बोलतात, याकडे त्यांचे कान असतात.

हे भाषण छोटं असतं, पण त्याची वीण पक्की असते. एक नमुना घेऊ. हो चि मिन्ह सिटीच्या उत्तरेला बिन्ह युओंग हा कारखान्यांनी गजबजलेला पट्टा आहे. 2025च्या जुलैपर्यंत तो स्वतंत्र प्रांत होता, आता शहरातच मोडतो. तिथे शर्ट शिवणारा, बाराशे कामगारांचा एक कारखाना आहे असं समजू. संचालक उभा राहतो आणि म्हणतो:

‘किन्ह थुअ क्वी वी! थाय मत बान याम डोक वा त्वान थे कान बो कोंग न्यन विएन, तोय सिन न्यिएत लिएत चाव मुंग क्वी वी डेन थम न्या माय.’

सन्माननीय पाहुणेहो, संचालक मंडळाच्या आणि समस्त कर्मचारी-कामगारांच्या वतीने मी आपलं कारखान्यात हार्दिक स्वागत करतो, एवढाच याचा अर्थ. पण यातला एकही तुकडा संचालकाने स्वतः घडवलेला नाही. ‘किन्ह’ म्हणजे आदर आणि ‘थुअ’ म्हणजे वडीलधाऱ्याशी बोलण्याआधी अदबीने घातलेली साद. ‘कान बो कोंग न्यन विएन’ हा जोडशब्द समाजवादी काळातल्या सरकारी उद्योगांच्या भाषेतून आलेला आहे, आणि आज खासगी मालकाच्या तोंडीही तो सहज बसतो. ‘न्यिएत लिएत’ हे मूळ चिनी शब्दांचं व्हिएतनामी रूप. आपल्याकडे व्यासपीठावर चढलं की संस्कृत शब्द आपोआप जिभेवर येतात, तसं तिथे चिनी वळणाचे शब्द येतात. घरात कुणी कुणाचं ‘न्यिएत लिएत’ स्वागत करत नाही.

सुरुवातीच्या संबोधनाला एक उतरंड असते. सर्वांत मोठ्या पदाचा पाहुणा आधी, नाव आणि हुद्द्यासकट, मग बाकीचे, आणि शेवटी ‘क्वी वी’, म्हणजे आपण सर्व मान्यवर. खोलीत कामगारही असतील तर त्यांना ‘आन्ह ची एम’ म्हणतात: दादा, ताई आणि धाकटी भावंडं. नावांच्या बाबतीत परदेशी माणूस इथेच गडबडतो. व्हिएतनामी नावात आडनाव आधी येतं, पण आदराची हाक मारतात ती शेवटच्या, स्वतःच्या नावाने. दिएन बिएन फूची लढाई जिंकणारे सेनापती व्हो ङ्वेन याप हे जगाला ‘जनरल याप’ म्हणूनच माहीत आहेत, आणि त्यांचं आडनाव व्हो होतं. हो चि मिन्ह यांना मात्र देश ‘बाक हो’, म्हणजे हो काका म्हणतो. तो अपवाद. याच सवयीने संचालक अमेरिकन पाहुण्याचाही उल्लेख त्याच्या पहिल्या नावाने करतो. त्यात सलगी नसते, तिथली रीतच तशी आहे.

आणखी अवघड भाग ‘मी’चा. व्हिएतनामी बोलताना माणूस स्वतःला काय म्हणतो, हे समोरच्याच्या वयावर आणि नात्यावर ठरतं. तिशीतली विक्री व्यवस्थापक पन्नाशीच्या खरेदीदाराशी गप्पा मारताना स्वतःला ‘एम’, म्हणजे धाकटी बहीण म्हणेल आणि त्याला ‘आन्ह’, म्हणजे दादा. व्यासपीठावर मात्र ती ‘तोय’ म्हणते, कारण तिथे ती कारखान्याच्या वतीने उभी असते. भाषण संपवून सगळे शिवणखात्याकडे निघाले की दोन पावलांत ती पुन्हा ‘एम’ होते.

‘आम्ही’ म्हणताना मराठी माणसाला इंग्रज माणसापेक्षा सोपं जातं. ‘चुंग तोय’ म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. ‘चुंग ता’ म्हणजे आपण, त्याला धरून. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून भाषांतरात हा फरक विरून जातो. आपल्या संचालकाचं दुसरं वाक्य ‘चुंग तोय’ने सुरू होतं: ‘चुंग तोय रत विन्ह यु डुअक डोन तिएप क्वी वी’, आपलं स्वागत करण्यात आम्हाला मोठा सन्मान वाटतो. इथे चुकून ‘चुंग ता’ आलं तर पाहुणेच यजमान होऊन बसतील. भाषणाच्या शेवटी मात्र, दोघांचं सहकार्य दीर्घकाळ टिकावं असं म्हणताना, मुरलेला वक्ता मुद्दाम ‘चुंग ता’वर येतो. खोलीतल्या व्हिएतनामी माणसांना ते लगेच जाणवतं.

मधला भाग कारखान्याच्या माहितीचा, आणि तो जितका छोटा तितका चांगला असं माझं मत आहे. स्थापना, पुरस्कार, निर्यातीचे देश ही जंत्री माहितीपत्रकात असतेच. आपला संचालक दोनच वाक्यं घेतो: ‘न्या माय को हाय मुओय बोन चुएन माय’, कारखान्यात शिवणाच्या चोवीस रांगा आहेत, आणि आज आपण नमुना विभाग, कापणी विभाग, शिवणाच्या रांगा व शेवटी इस्त्री-बांधणी या क्रमाने जाणार आहोत. या पहिल्या वाक्यात ‘माय’ दोनदा येतो. चढत्या सुरातला ‘माय’ म्हणजे यंत्र, आणि ‘न्या माय’ म्हणजे यंत्रांचं घर, कारखाना. सपाट सुरातला ‘माय’ म्हणजे शिवणं. दोन्ही जोडून ‘माय माय’ म्हटलं की ते शिलाई मशीन! देवनागरीत हे सूर उतरत नाहीत, आणि तिथे सुरावर शब्दाचा अर्थच ठरतो. म्हणून वरची वाक्यं कागदावरून वाचून कुणी पाठ केली, तर ऐकणाऱ्याला ती कळतीलच याची खात्री नाही. त आणि थ मधला फरक मात्र मराठी जिभेला आयताच येतो, कारण व्हिएतनामी भाषेतही ते दोन वेगळे वर्ण आहेत. अक्षरांचे उच्चारही सगळीकडे सारखे नाहीत. इथे दिलेले दक्षिणेकडचे आहेत, हनोईत ‘याम डोक’चं ‘झाम डोक’ होतं.

आकड्यांत मात्र खरा धोका असतो. व्हिएतनाममध्ये हजार दाखवायला टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. पडद्यावर कामगारांची संख्या 1.200 अशी लिहिलेली असते, आणि अमेरिकन पाहुण्याच्या डोळ्यांना ती एक पूर्णांक दोन दशांश दिसते. कामगारांच्या बाबतीत हसून सोडता येतं, पण महिन्याच्या क्षमतेत किंवा कापडाच्या वजनात असा घोटाळा झाला तर तो दरपत्रकापर्यंत जातो. लाखाला तिथे आपल्यासारखा वेगळा शब्द नाही. दोन लाख शर्ट म्हणजे ‘हाय चाम ङान’, दोनशे हजार. दुभाषी थकलेला असेल तर इथे एखादं शून्य गळतं. त्यामुळे भाषण आणि त्यातले आकडे दुभाष्याच्या हातात आदल्या दिवशी द्यावेत, आणि बोलताना एका वाक्यात एकच आकडा घ्यावा.

दुभाष्याचा विचार वेळेच्या हिशेबातही करावा लागतो. संचालक तीन मिनिटं बोलला की खोलीत सहा मिनिटं जातात. जपानी किंवा कोरियन भाषेत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, व्हिएतनामीत ते मध्ये असतं. त्यामुळे दुभाष्याला वाक्य पूर्ण ऐकल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. लांबलचक वाक्य टाकलं की तो निम्मं विसरतो आणि उरलेलं गोळाबेरीज करून सांगतो. वक्त्याला हे समजण्याची एक सोपी खूण आहे. आपलं बोलणं अर्ध्या मिनिटाचं आणि भाषांतर पाच सेकंदांचं झालं, की बरंच काही वाटेत सांडलं.

पण सगळ्यांत मोठी फसगत होते ती नम्रतेच्या वाक्यात. व्हिएतनामी यजमान समारोपाकडे वळताना म्हणतो की पाहुणचारात काही उणीव राहिली असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी. आपल्याकडच्या ‘काही कमी-जास्त झालं असल्यास सांभाळून घ्या’चं हे सख्खं भावंडं. लग्नघरात हे वाक्य ऐकून कुणी जेवणात खडा शोधायला लागत नाही. पण समोर बसलेला माणूस दर्जा तपासायला आलेला असतो. अननुभवी दुभाषी शब्दशः सांगतो, ‘आमच्याकडे काही त्रुटी असतील, कृपया समजून घ्या,’ आणि पाहुण्याची पेन्सिल कागदावर टेकते. त्रुटी? कोणत्या? ‘आम्ही प्रयत्न करू’ याचंही तसंच. यजमानाच्या मनात ते वचन असतं, ऐकणाऱ्याला ती पळवाट वाटते. त्यातून प्रश्नोत्तरं सुरू झाली की दक्षिणेतला माणूस प्रत्येक वाक्याला ‘या’ म्हणतो. ‘ऐकतोय, कळलं’ एवढंच त्याला म्हणायचं असतं, आणि पाहुणा ती मुदतीला दिलेली संमती समजतो.

यावर उपाय म्हणून काही कारखाने ते क्षमेचं वाक्य गाळतात. मला ते पटत नाही. ते गाळलं तर खोलीतल्या व्हिएतनामी मंडळींना साहेब उद्धट वाटतील. वाक्य ठेवावं, पण ते पाहुणचारापुरतं आहे हे त्यातच म्हणावं, आणि दुभाष्याने ‘आपली कुठलीही गैरसोय झाली तर आम्हाला जरूर सांगा’ असा त्याचा आशय पोचवावा. प्रयत्नाच्या जागी मात्र तारीख आणि नग बोलावेत.

एक विनंतीही याच भाषणात उरकून घेतात: शिवणाच्या रांगांवर फोटो काढू नयेत. एकाच छपराखाली दोन-तीन स्पर्धक ब्रँडचं काम चालू असतं आणि पुढच्या हंगामाचे नमुने बाहेर जाऊन चालत नाहीत. हीच गोष्ट पुढे फिरताना एखाद्या पर्यवेक्षकाने हटकून सांगितली, तर पाहुण्याला अपमान वाटतो. संचालकाने ‘सिन’ लावून, सर्वांना उद्देशून सांगितली की ती कुणालाच लागत नाही.

मग शेवट. ‘चुक क्वी वी न्यिएव सुक ख्वे. सिन ट्रन ट्रोंग काम अन.’ आपणास उत्तम आरोग्य लाभो, मनःपूर्वक आभार. व्यापाराच्या बैठकीत आरोग्याच्या शुभेच्छा ऐकून नवखा पाहुणा जरा चक्रावतो, पण तिथे औपचारिक भाषण त्यांच्याशिवाय संपत नाही. टाळ्या होतात. आता पाहुण्यांच्या गटप्रमुखाने उठून दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा असते, आणि ते त्याला कुणी आधी सांगितलेलं नसतं. त्याने नुसतं ‘काम अन क्वी कोंग टी’, म्हणजे आपल्या कंपनीचे आभार, एवढं म्हटलं तरी पुरतं. सूर चुकला तरी या वेळी अर्थ सगळ्यांना कळतो, आणि मंडळी नमुना विभागाकडे निघतात.