निबंधाच्या वहीतील चार रकाने

निबंधाची वही तपासून घरी येते तेव्हा शेवटच्या पानावर एक आकडा असतो: वीसपैकी नऊ. पानापानावर लाल शाईच्या खुणा असतात आणि त्यांतील बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात. गमावलेले अकरा गुण नेमके कोठे गेले, हे मुलाला कळत नाही आणि पालकांनाही कळत नाही. मुलगा पाहतो त्या फक्त लाल खुणा. म्हणून तो समजतो की आपले शुद्धलेखन वाईट आहे, एवढेच काय ते. खात्यात किती रक्कम कोणत्या कारणाने वजा झाली याची नोंद नसलेले पासबुक कोणी स्वीकारणार नाही. निबंधाचा एकच आकडा मात्र पिढ्यानपिढ्या निमूटपणे स्वीकारला गेला आहे.

एकाच निबंधाला वेगवेगळे परीक्षक किती वेगळे गुण देतात, याचा एक प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत पॉल डिडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांचे ३०० निबंध ५३ जाणकारांना वाचावयास दिले गेले. त्यांत शिक्षक होते, तसेच वकील, संपादक आणि व्यवसायातील अधिकारीही होते. प्रत्येकाने निबंध नऊ श्रेणींत विभागावयाचे होते. निकष मात्र कोणताही दिला नव्हता. शंभरातील ९४ निबंधांना नऊपैकी किमान सात वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या. ही मंडळी बेफिकीर नव्हती. विश्लेषणातून असे दिसले की त्यांचे स्थूलमानाने पाच गट पडत होते आणि प्रत्येक गट निबंधात वेगळीच गोष्ट शोधत होता. एकाला विचार हवे होते, दुसऱ्याला रचना, तिसऱ्याला व्याकरण व लेखनशुद्धी, कोणाला शब्दकळा, तर कोणाला लेखकाच्या व्यक्तित्वाची चव. प्रत्येकाच्या मनात तराजू होता, पण वजने निरनिराळी होती.

विश्लेषणात्मक गुणदानाचा तक्ता, ज्याला आता शाळांतही ‘रुब्रिक’ म्हणतात, तो ही वजने मनातून काढून कागदावर आणतो, आणि तीही वही उघडण्यापूर्वी. आशय, मांडणी, भाषा आणि लेखनसंकेत असे चार रकाने केले जातात. शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेदाची खूण हे सारे लेखनसंकेतांत येते. प्रत्येक रकान्याला एकूण गुणांतील वाटा ठरवून दिला जातो. वीस गुणांच्या निबंधासाठी आशयाला ८, मांडणीला ५, भाषेला ४ आणि लेखनसंकेतांना ३ असा वाटा धरता येतो. प्रत्येक रकान्यात चार पायऱ्या असतात व प्रत्येक पायरी कशी ओळखावी हे एका वाक्यात लिहिलेले असते. आशयाची चौथी पायरी म्हणजे विषयाला धरून स्वतःचा, नेमका तपशील आणि त्यावरचा विचार. दुसरी पायरी म्हणजे विषय सुटलेला नाही, पण वाक्ये कोणत्याही मुलाच्या, कोणत्याही गावाच्या निबंधात बसतील अशी आहेत.

हा तक्ता प्रत्यक्षात कसा चालतो हे पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील ढोकीच्या एखाद्या नववीच्या वर्गाची आणि ‘पाणी’ या विषयाची कल्पना करावी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावू लागली. आरंभी दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, पुढे पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख लिटर. लातूरला जाणारा तो लोहमार्ग ढोकीवरूनच जातो. समजा, एका मुलाने आजोबांकडून ऐकलेली ही हकिगत निबंधात लिहिली. वाघिणी मोजत स्टेशनवर उभी राहिलेली माणसे, गावातील आटलेल्या विहिरी, आणि आजोबांचे वाक्य: ‘पान्याची गाडी डोळ्यादेखत गेली, पन घागर रिकामीच ऱ्हायली.’ शहराची तहान मोठी की गावाची, हा प्रश्नही त्याने विचारला. मात्र हकिगत मध्येच तुटते, आटलेल्या विहिरी दोनदा येतात, परिच्छेद नाहीत आणि ‘विहिर’, ‘नदि’, ‘पाणि’ असे शब्द पानोपानी आहेत.

दुसऱ्या मुलीने ‘पाणी हेच जीवन’ या पाठ केलेल्या चालीवर लिहिले. प्रस्तावना, पाण्याचे उपयोग, प्रदूषण, बचतीचे उपाय, समारोप. एकही चूक नाही, पण ढोकीचे नावही नाही. जुन्या पद्धतीने पहिल्याला नऊ आणि दुसरीला पंधरा गुण पडले असते, हे सांगण्यास ज्योतिष नको.

तक्त्यानुसार मुलाचा आशय चौथ्या पायरीवर, मांडणी दुसऱ्या, भाषा तिसऱ्या आणि लेखनसंकेत पहिल्या पायरीवर येतात. मुलीचा आशय दुसऱ्या, मांडणी तिसऱ्या, भाषा तिसऱ्या आणि लेखनसंकेत चौथ्या पायरीवर. चारही रकाने समान मोलाचे धरले तर सोळापैकी मुलाला दहा आणि मुलीला बारा मिळतात. वीसवर नेल्यास १२.५ आणि १५. आता वरचे वाटे लावावेत. मुलाला आशयाचे पूर्ण ८, मांडणीचे अडीच, भाषेचे ३ आणि लेखनसंकेतांचा पाऊण गुण, एकूण १४.२५. मुलीला आशयाचे ४, मांडणीचे पावणेचार, भाषेचे ३ आणि लेखनसंकेतांचे ३, एकूण १३.७५. निबंध तेच आणि पायऱ्या त्याच. केवळ वाट्यांमुळे क्रम उलटला. वाटे ठरविणे म्हणजे निबंधात आपण कशाला किती किंमत देतो याचा निर्णय जाहीर करणे होय. तो निर्णय कोणी वेगळा करू शकतो. १९८१ साली जेकब्ज आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केलेल्या, पुढे सर्वत्र वापरल्या गेलेल्या तक्त्यात शंभरपैकी आशयाला ३०, रचनेला २०, शब्दसंपत्तीला २०, भाषेच्या वापराला २५ आणि लेखनसंकेतांना केवळ ५ गुण आहेत. मराठी शाळेत लेखनसंकेतांना शेकडा पंधरा देणे हे त्या मानाने उदारच म्हटले पाहिजे.

खरी अडचण येते ती कोणती चूक कोणत्या रकान्यात टाकावी, येथे. एक चूक एकाच खात्यात, हा नियम कसोशीने पाळला नाही तर चार रकाने असूनही मूल एकाच गोष्टीची दंडवसुली दोनदा भोगते. शब्दाची निवड आणि वाक्याची घडण भाषेत. अक्षर कसे लिहिले ते लेखनसंकेतांत. ‘विहिर’ हा लेखनसंकेतांचा प्रश्न आहे. त्यातही मोजावयाचे ते चुकीचे प्रकार, चुकीच्या खेपा नव्हेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्यांतील एका नियमानुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा असतो. ‘नदि’ आणि ‘पाणि’ या दोन्ही ठिकाणी हाच एक नियम मोडला आहे; ते शब्द बारा वेळा आले तरी चूक एकच. ‘विहीर’मधील हकारावरचा इकार दीर्घ, पण ‘विहिरीत’मध्ये तोच ऱ्हस्व होतो, हा दुसरा नियम आणि म्हणून दुसरी चूक. वीस लाल खुणांमागे बहुधा तीन-चारच नियम निघतात, आणि मुलाला शिकवायचे असतात ते तेवढेच.

बोलीचे काय करावे? ‘पानी’, ‘पन’, ‘ऱ्हायली’ हे शब्द मुलाने स्वतःच्या निवेदनात लिहिले असते तर प्रमाणभाषेच्या निबंधात त्यांची नोंद भाषेच्या रकान्यात, एकदाच, करावी लागली असती. येथे मात्र ते आजोबांच्या तोंडी, अवतरणचिन्हांत आहेत. त्यांना गुण वजा करणे हा तक्त्याचाच अपमान ठरेल. ते वाक्य आशयाची चौथी पायरी ओळखण्याची खूण आहे.

तक्ता हाती असूनही गुणदान जुन्याच वळणावर जाऊ शकते, आणि ते ओळखण्याची रीत साधी आहे. चाळीस वह्यांचे गुण कागदावर उभे मांडून प्रत्येक रकान्यातील सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त गुण पाहावेत. आशयात सर्वांनाच सहा मिळाले आणि लेखनसंकेतांत पाऊणपासून तीनपर्यंत, तर कागदावर आशयाचा वाटा ८ असला तरी वर्गातील क्रम ठरविला तो लेखनसंकेतांनीच. ज्या रकान्यात गुणांचा फरक पडत नाही, त्याचे वजन केवळ नावापुरते असते. शिक्षक बहुधा संकोचाने असे करतात; आशयाला चौथी पायरी देण्यास किंवा पहिली देण्यास धजत नाहीत, चूक मोजणे मात्र निःसंकोच असते.

दुसरा दोष असा की आधी मनात एक आकडा ठरतो आणि मग तो चार रकान्यांत वाटला जातो. अशा वह्यांत प्रत्येक मुलाच्या चारही पायऱ्या जवळजवळ सारख्या दिसतात. यावर उपाय म्हणजे एक वही संपूर्ण तपासण्याऐवजी एक रकाना सर्व वह्यांचा तपासणे. प्रथम लाल पेन न उचलता सगळ्यांचा आशय वाचावा, मग मांडणी, मग भाषा, आणि लेखनसंकेत अगदी शेवटी. वेळ अधिक लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे प्रत्येक निबंधाला हा तक्ता लावण्याचा हट्ट नसावा. सत्रात दोन-तीन निबंधांना लावला तरी चालतो. दोन शिक्षकांनी पाच वह्या स्वतंत्रपणे तपासून रकाने ताडून पाहिले आणि कोठे एका पायरीहून अधिक अंतर निघाले, तर त्या रकान्यातील वर्णनाचे वाक्य ढिले आहे असे समजावे व ते पुन्हा लिहावे.

एक फट तरीही उरते. विषय ‘पाणी’ असताना एखाद्याने पाठ केलेला ‘माझी आई’ हा निबंध निर्दोष लिहून दिला, तर आशयाच्या पहिल्या पायरीचे दोन आणि उरलेल्या तीन रकान्यांचे पूर्ण बारा धरून त्याला वीसपैकी चौदा मिळतात, म्हणजे पाण्याच्या रेल्वेवर लिहिणाऱ्या मुलाच्या जवळजवळ बरोबरीने. केवळ बेरीज हे थांबवू शकत नाही. त्यासाठी तक्त्याच्या खाली आधीच एक अट लिहावी लागते: आशय पहिल्या पायरीवर असेल तर एकूण गुण सातच्या वर जाणार नाहीत. ही अट मुलांनाही निबंध लिहिण्यापूर्वी वाचून दाखवावी; वह्या गोळा झाल्यावर ती लावली तर मुले तिला नियम न मानता शिक्षा मानतील.

ढोकीच्या त्या मुलाच्या वहीखाली आता एका आकड्याऐवजी चार आकडे असतील आणि शेजारी दोन ओळी: आटलेल्या विहिरींचा भाग एकाच ठिकाणी घे; शब्दाच्या शेवटची वेलांटी तपास. पुढच्या निबंधात शिक्षकांनी प्रथम पाहावयाचे ते या दोन जागा.