कोरम मोजणाऱ्याचा बुधवार

सकाळी 8.10. कल्याणहून निघालेली लोकल सीएसएमटीला लागते. दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास 315 रुपयांचा. समोरच्या दगडी मुख्यालयात चिटणीस खात्याचे एक लिपिक आज सर्वांच्या आधी पोचतात. बुधवार म्हणजे मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीचा दिवस.

9.00. विषयपत्रिका सदस्यांच्या घरी आधीच गेलेली आहे. तरी जादा प्रती लागतात, कारण काही सदस्य रिकाम्या हातानं येतात. 48 विषय आहेत. प्रत्येक विषयामागे आयुक्तांचं मसुदा पत्र, म्हणजे काम काय, खर्च किती, कंत्राटदार कोण आणि मागितलंय काय. लिपिक पानं जुळवतात, दाभणानं भोक पाडतात, टॅग ओवतात. अंगठ्याला घट्टा पडलाय. एका प्रतीत पान उलटं लागलेलं सापडतं. गठ्ठा सोडून परत बांधतात.

11.30. टपरीवरचा कटिंग, दहा रुपये. विषय 17 नालेसफाईचा आहे. हाच आज अडणार, असं ते सांगतात. पावसाळ्याआधीचा गाळ मेअखेर काढायचा असतो, आणि मंजुरीशिवाय कार्यादेश निघत नाही. आठवडा गेला तर तो कामाच्या दिवसांतूनच जातो.

2.15. हजेरीपट दाराजवळच्या टेबलावर. सदस्य सही करतात. सभेचा भत्ता 150 रुपये या सहीवर मिळतो. पण कोरम सहीवर मोजत नाहीत, खुर्चीवर मोजतात. समिती 27 जणांची. 26 निवडलेले आणि शिक्षण समितीचे अध्यक्ष. कामकाजाला किमान पाच हजर हवेत, तेही सभेच्या आरंभापासून शेवटपर्यंत. मला वाटतं, कायद्यातला हा ‘शेवटपर्यंत’ सगळ्यात महागाचा शब्द आहे.

2.40. अध्यक्ष येतात. लिपिक मान न हलवता नुसत्या नजरेनं मोजतात. 22. कागदाच्या कोपऱ्यात आकडा लिहितात. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम होतं. पहिले सोळा विषय भराभर सरकतात. क्रमांक पुकारला, “मंजूर”, पुढचा.

3.20. विषय 17. विरोधी बाजूचे एक सदस्य उठतात. “अध्यक्ष महाराज, गेल्या वर्षीच्या गाळाची वजनं आम्हाला दाखवली नाहीत. प्रस्ताव फेरविचारासाठी परत पाठवा, अशी माझी उपसूचना.” दुसरे अनुमोदन देतात. लिपिकांची पेन्सिल थांबत नाही. उपसूचनेचे नेमके शब्द, सूचक, अनुमोदक. इथं एक शब्द चुकला तर उद्या ठरावाचा अर्थच बदलतो. प्रशासनाच्या वतीनं अतिरिक्त आयुक्त उत्तर देतात. गाडी काट्यावर तोलल्याच्या पावत्या आहेत, पुढच्या सभेत मांडू, म्हणतात. ते बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

चर्चा चाळीस मिनिटं चालते. वजनाचा मुद्दा मला रास्त वाटला. पावत्या सभेतच असत्या तर ही चाळीस मिनिटं वाचली असती.

4.00. मतदान. आधी उपसूचना. बाजूचे हात वर. लिपिक एका टोकाकडून मोजत जातात, आणि मग उलट्या टोकाकडून पुन्हा. नऊ. विरोधात तेरा. बेरीज 22 आली, कोपऱ्यातल्या आकड्याशी जुळली. जुळली नसती तर कुणीतरी मधेच बाहेर गेलेलं असतं, किंवा एकानं दोनदा हात वर केलेला असता. उपसूचना फेटाळली. आता मूळ प्रस्ताव. बाजूनं तेरा, विरोधात नऊ. मंजूर. दोन्ही बाजू अकरा-अकरा झाल्या असत्या तर अध्यक्षांना आपल्या मताशिवाय आणखी एक निर्णायक मत होतं.

5.10. खुर्च्या रिकाम्या होत चालल्यात. कुणाचा फोन, कुणाचा वॉर्ड. लिपिक प्रत्येक विषयाला मोजतात. बारा. आठ. पाच. विषय 39 पुकारला जातो आणि आणखी एक सदस्य दाराकडे निघतात.

“अध्यक्ष महाराज, कोरम नाही.”

घंटा वाजते. शिपाई कॉरिडॉरमध्ये धावतो, पक्षांच्या कार्यालयांत डोकावतो. “साहेब, चला, कोरम कमी पडतोय.” कुणी येत नाही. चारच उरलेत. 38 विषय झाले, दहा राहिले. सभा तहकूब.

5.45. इतरांची पांगापांग होते. लिपिक लघुलेखकाच्या टिपणाशी आपलं टिपण ताडून बघतात. विषय 17 ला ठराव क्रमांक देतात. खाली सूचक, अनुमोदक, मतं. एक प्रत पर्जन्य जलवाहिन्या खात्याला जाईल. तिथून कार्यादेश, मग नाल्यावर यंत्रं उतरतील आणि माणसंही.

7.05. दहा उरलेल्या विषयांची यादी शिपायाच्या हातात देत लिपिक सांगतात, “हे पुढच्या पत्रिकेत सगळ्यात वर घे रे. आणि 17 च्या पावत्या आल्या का, उद्या सकाळी खात्याला फोन कर.”