दहापटीचे तीनपट कसे झाले?

ऑप-अ‍ॅम्पच्या प्रॅक्टिकलमध्ये हमखास येणारा प्रश्न असा: ७४१ ही आठ पिनांची आयसी, एक किलोओहमचा एक आणि दहा किलोओहमचा एक असे दोन रेझिस्टर आणि अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा. एवढ्याच सामानात इन्व्हर्टिंग आणि नॉन-इन्व्हर्टिंग अशा दोन्ही जोडण्या करायच्या आणि प्रत्येकीचा गेन, म्हणजे इनपुट किती पटींनी वाढतं, ते काढायचं. सूत्रं पाठ असतील तर कागदावरचं उत्तर लगेच येतं. पहिल्या जोडणीत उणे १०, दुसरीत ११. ब्रेडबोर्डवर मात्र पहिल्या जोडणीचा गेन कधी कधी तीनच्या आसपास येतो आणि विद्यार्थी आयसी बदलत बसतात. आयसी बहुधा ठणठणीत असते.

घोळ कुठे होतो ते कळायला आधी हे दोन आकडे येतात कुठून ते पाहू. ७४१ चा स्वतःचा गेन साधारण दोन लाख आहे. त्यामुळे आउटपुटला दहा व्होल्ट यायला पिन २ आणि पिन ३ यांच्यात जेमतेम ५० मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. पिन ६, म्हणजे आउटपुट, रेझिस्टरमधून पिन २ ला परत जोडलं की आयसी आउटपुट असं सांभाळते की या दोन्ही पिनांवरचं व्होल्टेज जवळजवळ सारखंच राहतं. दुसरी गोष्ट, या पिनांमधून आत जाणारा करंट नगण्य असतो. एवढ्या दोन गोष्टी हाताशी असल्या की सूत्र पाठ करावं लागत नाही.

इन्व्हर्टिंग जोडणीत पिन ३ ग्राउंडला असते, म्हणून पिन २ सुद्धा शून्यावर राहते. अर्धा व्होल्ट इनपुट दिलं की एक किलोओहममधून अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर वाहतो. त्याला आयसीत शिरायला वाट नाही, म्हणून तो दहा किलोओहममधून पुढे जातो आणि तिथे पाच व्होल्ट पडतात. आउटपुट येतं उणे पाच. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये इनपुट पिन ३ ला आणि एक किलोओहमचं टोक ग्राउंडला. पिन २ वर अर्धा व्होल्ट येतो, तोच अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर वाहतो, आणि दहा किलोओहमवरच्या पाच व्होल्टमध्ये पिन २ वरचा अर्धा मिळवून आउटपुट साडेपाच होतं. ११ मधला वरचा एक हाच.

आता खरा प्रश्न: तो अर्धा मिलिअ‍ॅम्पिअर कोण पुरवतं? नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये आयसीचं आउटपुट पुरवतं, इनपुटवर भार पडत नाही. इन्व्हर्टिंगमध्ये मात्र तो इनपुट देणाऱ्यालाच द्यावा लागतो. समजा, एक व्होल्टच्या पुरवठ्यावर दहा किलोओहमचा पॉट बसवून मध्यावरून अर्धा व्होल्ट घेतलात. मध्यावर पॉटचे दोन्ही भाग पाच-पाच किलोओहमचे. पुढच्या सर्किटला ते समांतर दिसतात, म्हणजे पॉटचा स्वतःचा अडीच किलोओहम झाला. तो एक किलोओहमच्या रेझिस्टरशी सिरीजमध्ये येतो, एकूण साडेतीन. दहा भागिले साडेतीन म्हणजे २.८६. उणे पाचऐवजी मीटर उणे १.४३ व्होल्ट दाखवतो. याच पॉटवर नॉन-इन्व्हर्टिंग जोडणी साडेपाचच दाखवेल.

ओळखायचं कसं? सर्किट जोडलेलं असतानाच मीटर पॉटच्या मधल्या टोकावर लावा. अर्ध्या व्होल्टऐवजी ०.१४३ दिसेल. त्याला दहाने गुणलं की १.४३. ऑप-अ‍ॅम्पने सांगितल्याप्रमाणे दहापटच केली, इनपुटच खाली बसलं होतं.

उपाय म्हणून १०० किलोओहम आणि एक मेगओहम घेतले, तर गेन ९.७६ पर्यंत येतो. पण ७४१ च्या इनपुटचा नॅनोअ‍ॅम्पिअरमधला करंट इतका वेळ नगण्य होता, तो आता दिसू लागतो: ८० नॅनोअ‍ॅम्पिअर एक मेगओहममधून गेला की आउटपुटला ८० मिलिव्होल्टची चूक. त्यापेक्षा मध्ये एक व्होल्टेज फॉलोअर बसवणं मला सरस वाटतं.

गेन कमी येण्याचं याहून साधं कारण म्हणजे सॅच्युरेशन. याच इन्व्हर्टिंग जोडणीला दोन व्होल्ट दिले तर हिशेब उणे २० म्हणतो, पण १५ च्या पुरवठ्यावर आउटपुट उणे १३ च्या आसपास अडतं. अशा वेळी पिन २ तपासा. तिथे शून्याऐवजी सुमारे ०.६४ व्होल्ट सापडेल. आउटपुटचा ताबा सुटल्याची ती खूण, आणि तिथे गेनचं सूत्र लागूच होत नाही.

म्हणून जर्नलमध्ये इनपुटचे दोन रकाने आखा, एक सर्किट जोडण्याआधीच्या रीडिंगचा आणि एक जोडल्यानंतरचा. शेजारी पिन २ वरचं व्होल्टेजही लिहा.