डेटाच्या खर्चाची खातेवही

रायपूरमधील एका मराठी कुटुंबाची ब्रॉडबँड योजना महिन्याला ५०० जीबीची आहे, असे समजू. मर्यादा ओलांडताच वेग उतरतो. विसाव्या दिवशीच तसे घडले, की ठपका मुलांच्या मोबाइलवर येतो. कंपनी सहसा घराचा एकत्रित आकडाच कळविते. उपकरणनिहाय हिशेब राउटरवरच ठेवावा लागतो.

OpenWrt प्रणालीच्या राउटरवर nlbwmon बसविल्यास प्रत्येक उपकरणाचा वापर त्याच्या मॅक पत्त्यापुढे नोंदला जातो. आपल्या उदाहरणात २१६ जीबी निघाले ते दारावरील कॅमेऱ्यापुढे, तेही ‘अपलोड’च्या रकान्यात. अहोरात्र १ एमबीपीएस वेगाने चित्रण बाहेर पाठविणारा कॅमेरा दिवसाला १०.८ जीबी खर्च करतो. वीस दिवसांत २१६. कंपनी अपलोडही मोजत असेल, तर मर्यादेचा मोठा वाटा येथेच सरतो. हालचाल होईल तेव्हाच चित्रण पाठविण्याची सोय निवडणे, हा त्यावरील उपाय होय.

या खातेवहीची पथ्ये तीन. नोंदींचा महिना मूलतः १ तारखेस सुरू होतो. तो बिलाच्या तारखेशी जुळवावा. नोंदी `/var/lib/nlbwmon` येथे, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत राहतात व वीज जाताच पुसल्या जातात. म्हणून त्यांची जागा यूएसबी पेनड्राइव्हवर न्यावी. काही मोबाइल मॅक पत्ता बदलतात, त्यामुळे एकच फोन दोन नावांनी दिसतो. घरच्या वायफायपुरती ही सोय बंद ठेवावी.